बोअरच्या पाण्याने कडक झालेले टॉवेल मऊ करायचे: क्रम, प्रमाण आणि नेहमी होणाऱ्या चुका

टॉवेल अंगाला टोचायला लागला की बहुतेक घरांत तीनपैकी एक उपाय होतो. कुणी पावडर वाढवतं, कुणी वासाचं फॅब्रिक कंडिशनर ओततं, तर कुणी व्हिनेगर आणि खायचा सोडा एकाच बादलीत टाकून फेस बघत बसतं. पहिल्याने टॉवेल आणखी कडक होतो. दुसऱ्याने हाताला मऊ लागतो, पण अंगावरचं पाणी टिपत नाही. तिसऱ्यात आंबट आणि सोडा एकमेकांना मारतात आणि टॉवेलला काहीच मिळत नाही.

मी लातूरला राहते. आमच्या गल्लीत वर्षातले आठ-नऊ महिने धुणं बोअरच्या नाहीतर टँकरच्या पाण्यावर असतं, आणि हीच गोष्ट मी इतक्या जणींना दोरीखाली उभं राहून सांगितली आहे की आता नीट क्रमाने लिहूनच ठेवते. पद्धत सुती टॉवेलसाठी आहे. सुती बनियन, पंचे, चादरी, रोजचे शर्ट यांनाही ती चालते. पैठणी, रेशीम, जरीचं काहीही आणि लोकरीचे कपडे यात आणू नका. आंबटाने जर काळी पडते.

## आधी हे ओळखा: कडकपणा कशाचा आहे

कडक टॉवेलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी अडकलेल्या असतात. एक, नीट न निघालेला साबण आणि पावडरीतला धुण्याचा सोडा. दुसरी, पाण्यातला चुना. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. सोड्याशी गाठ पडली की कॅल्शियमचा खडूसारखा चुरा होतो, आणि साधा साबण लावला तर चिकट, न विरघळणारा चुन्याचा साबण तयार होतो. दोन्ही टॉवेलच्या फाशांत जाऊन बसतात. साबण-सोडा पाण्याने निघतो, खडू फक्त आंबटाने निघतो. म्हणून टप्पे दोन लागतात, आणि त्यांचा क्रम उलटा करून चालत नाही.

तीन गोष्टी तपासा, पाच मिनिटं लागतील.

वाळलेला टॉवेल दोन्ही हातांत धरून मिनिटभर चोळा. चोळल्यावर मऊ झाला आणि तसाच राहिला, तर दोष बराचसा वाळवण्याचा आहे. तुम्ही थेट सहाव्या टप्प्यावर जा, एवढा खटाटोप नको.

मग टॉवेलवर पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब मण्यासारखा वर बसून राहिला तर कंडिशनरचा किंवा चुन्याच्या साबणाचा थर आहे. लगेच शोषला गेला, तरीही टॉवेल टोचतोय, तर खडू जास्त आहे.

शेवटी टॉवेल साध्या पाण्यात बुडवून पिळा. हाताला बुळबुळीत लागलं, पाण्यावर फेस आला, तर आतमध्ये जुनी पावडर आहे. आमच्या इथल्या दहातल्या आठ टॉवेलांत तिन्ही खुणा एकदम सापडतात.

बादलीच्या काठावर जमलेल्या पांढऱ्या पापुद्र्यावर लिंबाचे दोन थेंब टाकून बघा. बारीक बुडबुडे येऊन चर्रर्र झालं, तर तुमच्या पाण्यातून चुना बसतो हे नक्की समजा.

## टप्पा 1: तयारी आणि पाण्याचा हिशेब

एका वेळी दोनच मोठे टॉवेल घ्या. ते दहा लिटर पाण्यात मोकळे हलले पाहिजेत. सहा टॉवेल कोंबले तर मधल्यांना काहीच लागत नाही.

सगळं मिळून साधारण सत्तर लिटर पाणी जातं. टँकर चार दिवसांनी येतोय, अशा आठवड्यात हे काम काढू नका. सर्वात चांगले दिवस पावसाळ्यातले. पत्र्याची पागोळी बादलीत धरली की हवं तेवढं हलकं पाणी फुकट मिळतं. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या, पत्र्यावरची धूळ त्यात असते.

सामान: दोन प्लॅस्टिकच्या बादल्या, किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व (सुट्टंही मिळतं), द्रवरूप डिटर्जंट, हळद, पांढरा कागद, चिमूटभर खायचा सोडा. लिंबूसत्त्व नसेल तर पांढरं व्हिनेगर. ॲल्युमिनियमचं पातेलं, जस्ताची किंवा पत्र्याची बादली वापरू नका, आंबट धातू खातं.

सावधान: हे काम शहाबादी फरशीवर करू नका. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे. आंबट पाणी सांडलं की त्यावर पांढरे डाग पडतात आणि चकाकी कायमची जाते. आमच्या धुण्याच्या ओट्यावर असा एक तळहाताएवढा डाग अजून आहे. बादली मोरीत सिमेंटच्या कडेला किंवा प्लॅस्टिकच्या घमेल्यात ठेवा.

आणखी एक सावधान: ज्या बादलीत आंबट आहे तिथे ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर चुकूनही येऊ देऊ नका. दोघांतून क्लोरीन वायू सुटतो. आणि "ॲसिडच हवं ना" म्हणून संडास साफ करायचं ॲसिड कपड्याला लावणारेही आहेत. ते सुताचे धागे जाळून टाकतं, टॉवेल दोन धुण्यांत फाटतो.

कोणतं पाणी कुठे वापरायचं हे आधीच ठरवा. हलकं पाणी थोडंच असेल तर ते शेवटच्या खळबळण्यासाठी राखून ठेवा, पहिल्यासाठी नको. कारण साधं आहे. पिळल्यावरही टॉवेलमध्ये जवळजवळ त्याच्या वजनाइतकं पाणी उरतं, आणि वाळताना त्या पाण्यातला सगळा क्षार तिथेच राहतो. आपण हिशेब करू. लिटरला 600 मिलिग्रॅम जडपणाचं पाणी, टॉवेलमध्ये उरलेलं अर्धा लिटर, म्हणजे दर धुण्याला पाव ग्रॅमच्या थोडं वर. आठवड्यात तीन धुणी धरली तर वर्षाला चाळीस ग्रॅमच्या पुढे जातं. त्यातलं काही पुढच्या धुण्यात सुटतं, पण सगळं नाही.

दुष्काळात वाढलेल्या घरांत पाणी वाया घालवणं जिवावर येतं, म्हणून आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी कपड्यांना वापरायची सवय सगळीकडे आहे. भावना चांगली, पण त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार जास्त घट्ट झालेले असतात. ते फरशी पुसायला, संडासला वापरा. टॉवेलला शेवटचं पाणी म्हणून कधीच नाही. कूलरच्या टाकीत उरलेल्या पाण्याचंही तेच.

## टप्पा 2: आधी जुनी पावडर बाहेर काढा

टॉवेल साध्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजू द्या. कसलीही पावडर टाकायची नाही. मग हाताने दाबून दाबून खळबळा आणि पाणी ओता. फेस दिसेल, पाणी मळकट-दुधी होईल. पुन्हा नवं पाणी घ्या. फेस बंद होईपर्यंत हे करायचं, सहसा दोन बादल्यांत काम होतं.

पाणी उकळतं नको. बोअरचं पाणी तापवलं की त्यातला चुना तिथेच बाहेर पडतो, म्हणजे जे काढायला निघालो तेच टॉवेलवर बसवतो. तापवायचंच असेल तर आधी उकळा, तासभर निवू द्या, खाली गाळ बसेल, आणि वरचं निवळ पाणी कोमट असताना ओतून घ्या.

पडताळा. कागदावर ओली हळद चोळून वाळवा. एका टोकाला तुमच्या नळाचं किंवा बोअरचं पाणी एक थेंब, दुसऱ्या टोकाला टॉवेल पिळून निघालेलं पाणी एक थेंब. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, तीच ही गोष्ट. पिळलेल्या पाण्याचा थेंब साध्या पाण्यापेक्षा जास्त तांबूस दिसला, तर सोडा अजून आत आहे. आणखी एकदा खळबळा. दोन्ही थेंब सारखे दिसले की पुढे जा.

हा टप्पा गाळून आंबट टाकणारे फार आहेत. मग लिंबूसत्त्वाचा निम्मा जोर टॉवेलमधला सोडा मारण्यातच संपतो, आणि राहिलेला साबण आंबटाशी मिळून मेणासारखा चिकट होतो.

## टप्पा 3: आंबट पाण्यात भिजवणं

दहा लिटर पाण्याला 40 ग्रॅम लिंबूसत्त्व. सपाट भरलेले साधारण तीन मोठे चमचे. आधी मगभर पाण्यात पूर्ण विरघळवा, मग बादलीत ओता, मग टॉवेल सोडा. कोरडी पूड थेट टॉवेलवर पडू देऊ नका. व्हिनेगर वापरणार असाल तर दहा लिटरला अर्धा लिटर.

हे प्रमाण बघून लोक दचकतात, कारण त्यांनी बादलीला दोन झाकणं व्हिनेगर असं ऐकलेलं असतं. पण बोअरचं पाणीच आधी आपला वाटा घेतं. दहा लिटर जड पाण्यात जो चुना विरघळलेला असतो, तो पाचेक ग्रॅम लिंबूसत्त्व सहज खाऊन टाकतो. दोन झाकणं व्हिनेगर टाकलं तर टॉवेलपर्यंत काही पोचतच नाही. पावसाचं पाणी असेल तर 30 ग्रॅम पुरे.

पाणी साधं किंवा जेमतेम कोमट ठेवा. लिंबूसत्त्व आणि चुना यांचा एक पांढरा क्षार होतो, तो पाण्यात कमीच विरघळतो आणि गरम पाण्यात तर आणखी कमी. कडक गरम पाण्यात भिजवलेल्या टॉवेलवर पुन्हा पांढरं दिसलं, तर कारण हे. व्हिनेगरचा हा त्रास नाही, पण ते महाग पडतं.

दोन तास ठेवा. दर अर्ध्या तासाने टॉवेल उलटेसुलटे करून दाबा. रंगीत टॉवेल असेल तर आधी शिवणीच्या आतल्या कोपऱ्यावर आंबट पाणी लावून पांढऱ्या फडक्याने दाबून बघा. रंग फडक्याला लागला तर तो टॉवेल वेगळा करा, पंधरा मिनिटांवर ठेवू नका.

पडताळा. तासाभराने बादलीतलं थोडं पाणी कपात घ्या आणि त्यात चिमूटभर खायचा सोडा टाका. चांगलं फसफसलं तर आंबट शिल्लक आहे, काम चालू आहे. काहीच झालं नाही तर आंबट संपलं, म्हणजे टॉवेलमध्ये चुना भरपूर होता. ते पाणी ओता आणि नवं 40 ग्रॅमचं पाणी करून उरलेला एक तास भिजवा. खायचा सोडा या कामात फक्त या कपापुरता. बादलीत नाही.

रात्रभर भिजत ठेवू नका. आणि आंबट पाण्यातून काढून तसाच दोरीवर टाकू तर मुळीच नका. व्हिनेगर उडून जातं, लिंबूसत्त्व उडत नाही. पाणी वाळत जाईल तसं ते घट्ट होत जातं आणि सुताचा धागा कमजोर करतं.

## टप्पा 4: खळबळून एक हलकं धुणं

आंबट पाणी पिळून काढा, एक बादली साध्या पाण्यात खळबळा.

आता टॉवेल हाताला किंचित मेणचट लागेल. घाबरू नका, हे व्हायलाच हवं. चुन्याच्या साबणातला चुना निघून गेला आणि मागे साबणातली चरबी राहिली. ती आंबटाने जात नाही. दहा लिटर पाण्यात दोन लहान चमचे द्रवरूप डिटर्जंट, दहा मिनिटं हाताने दाबायचं, बस. इथे पावडर नको, तिच्यात सोडा असतो आणि जड पाण्यात आपण परत पहिल्या पायरीवर येतो. धुण्याची वडीही नको. स्वस्त वड्यांत भर म्हणून खडू आणि माती घातलेली असते, आणि टॉवेलवर वडी घासणं म्हणजे तो खडू फाशांच्या तळाशी दाबून बसवणं.

हे धुणं हलक्या पाण्यात जमलं तर उत्तम. नसेलच तर बोअरच्या पाण्यात करा, डिटर्जंट अर्धा चमचा वाढवा.

## टप्पा 5: शेवटचं पाणी

दोनदा खळबळायचं. पहिल्यांदा कोणतंही पाणी चालेल. दुसऱ्यांदा राखून ठेवलेलं पावसाचं, नदीवरच्या नळयोजनेचं, किंवा एसीच्या पाइपमधून ठिबकलेलं पाणी. एसीचं पाणी म्हणजे हवेतली वाफ थंड होऊन झालेलं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतात. उन्हाळ्यात ज्यांच्याकडे एसी चालतो त्यांनी पाइपखाली बादली ठेवावी.

यातलं काहीच नसेल, तर बोअरच्या दहा लिटर पाण्यात एक छोटा चहाचा कप, म्हणजे 100 मिलिलिटर व्हिनेगर टाका, ढवळा, आणि त्यात टॉवेल पाच मिनिटं बुडवून पिळा. यानंतर साधं पाणी नको. इथे लिंबूसत्त्व वापरू नका, कारण वर सांगितलं तेच, ते टॉवेलमध्ये राहतं. व्हिनेगरचा वास वाळल्यावर उरत नाही.

पडताळा. हळदीच्या कागदावर पुन्हा एक थेंब. रंग पिवळाच राहिला पाहिजे.

## टप्पा 6: वाळवणं

सगळं नीट करून एप्रिलच्या दुपारी दोन वाजता गच्चीवर टॉवेल टाकला, तर चार वाजता तो पुन्हा पापडासारखा मिळेल. मग वाटतं की दोन तासांचं भिजवणं फुकट गेलं. ते गेलेलं नसतं. सुताच्या धाग्यांना थोडं पाणी शेवटपर्यंत चिकटून राहतं आणि ते शेजारच्या धाग्यांना डिंकासारखं एकमेकांत धरून ठेवतं. जपानमधल्या संशोधकांनी 2020 मध्ये सुताच्या पृष्ठभागावरचं हे पाणी सूक्ष्मदर्शकाने तपासून दाखवलं. धागे हलले नाहीत तर तसेच जोडून वाळतात. हा कडकपणा चुन्याचा नाही, आणि तो हाताने मोडतो.

दोरीवर टाकण्याआधी टॉवेल दोन्ही टोकं धरून जोरात दहा-बारा वेळा झटका. फासे उभे राहिलेले दिसतात, हाताला समजतं. मग सावलीत, पण वाऱ्यावर टाका. जवळजवळ वाळला, थोडा गार लागतोय, अशा वेळी काढून पुन्हा झटका आणि दोन तळव्यांत चोळा. मग पुन्हा टाका. हे मधलं चोळणं कुणी करत नाही, आणि निम्मा फरक त्यातच आहे.

## एका टॉवेलची गोष्ट

शेजारच्या वहिनी मागच्या श्रावणात त्यांचा मरून रंगाचा सोलापुरी टॉवेल घेऊन आल्या. "ताई, ह्याने अंग पुसलं की पोराच्या पाठीवर ओरखडे उठतेत. टाकून देऊ का?" टॉवेल दीड वर्षाचा. रंग राखाडी पडलेला, घडी उभी ठेवली तर उभीच राहत होती. वर टाकलेला थेंब मण्यासारखा बसून राहिला.

सोबतीला माझा एक टॉवेल घेतला आणि दोन्ही भिजवले. साध्या पाण्याच्या पहिल्या बादलीत एवढा फेस आला की वहिनी म्हणाल्या, "मी तर काहीच टाकलं नाही." दुसऱ्या बादलीत कमी, तिसरीत नाही. म्हणजे इथे दोनऐवजी तीन लागल्या. हळदीचा कागद दुसऱ्या बादलीला तांबूस होता, तिसरीला पिवळा.

पागोळीचं पाणी होतं, तरी मी पूर्ण 40 ग्रॅम टाकलं, कारण टॉवेल फारच भरलेला वाटत होता. तासाभराने कपात सोडा टाकला, दोन-चार बुडबुडे येऊन थांबला. आंबट संपत आलं होतं. पाणी ओतून दुसरं केलं. आणखी तासाने कप चांगला फसफसला, तेव्हा थांबवलं. टॉवेल मेणचट लागत होता, द्रवरूप डिटर्जंटचं धुणं दिलं, शेवटचं पाणी पागोळीचं.

संध्याकाळी थेंब टाकला तर तो तीन-चार सेकंदांत आत गेला. रंग पुन्हा मरून दिसत होता, कारण राखाडीपणा म्हणजे वरचा चुनाच होता. मात्र टॉवेलच्या एका कडेला, जिथे वहिनी रोज वडी घासायच्या, तिथले फासे झिजून सपाट झाले होते. तो भाग खरखरीतच राहिला. तुटलेला धागा कशानेही परत येत नाही, आणि टॉवेल उजेडात धरून आरपार जाळी दिसत असेल तर एवढं पाणी त्यावर खर्चू नका. तो पुसणं म्हणून वापरा.

## पुन्हा कडक होऊ नये म्हणून

हे सगळं वर्षातून एकदा, फार तर दोनदा करायचं. दर महिन्याला आंबट दिलं तर धागाच थकतो. मधल्या काळात टॉवेलला द्रवरूप डिटर्जंट वापरा आणि कंडिशनर बंद करा. दर चौथ्या धुण्याला शेवटच्या पाण्यात तो कपभर व्हिनेगर टाका.

पावडरच वापरायची असेल तर एक जुनी युक्ती आहे. आदल्या रात्री वीस लिटर बोअरच्या पाण्यात दोन लहान चमचे धुण्याचा सोडा विरघळवून झाकून ठेवा. सकाळी तळाशी पांढरा गाळ बसलेला दिसेल. गाळ न हलवता वरचं पाणी मगने काढून घ्या आणि त्यात कपडे धुवा. चुना टॉवेलवर बसण्याऐवजी बादलीच्या तळाशी बसतो. पण हे पाणी फक्त धुण्यापुरतं, खळबळायला नाही, कारण त्यात सोडा असतो. पावडरही नेहमीच्या निम्मीच टाका.

मशीन वापरत असाल तर टॉवेलांनी ड्रम अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका आणि जास्तीचं एक खळबळणं लावा. आंबट भिजवणं मात्र मशीनमध्ये नाही, बादलीतच करा. आतल्या रबराला आणि धातूला पुन्हा पुन्हा आंबट सोसत नाही.